शिशुवर्गाच्या ताईंना खुलं पत्र: डब्यानंतरची दहा मिनिटं

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या शुक्रवारी माझ्या लेकीच्या वहीत तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी मिळाली. तिला शीची सवय नीट लागेपर्यंत डायपर घालून पाठवा, नाहीतर काही दिवस घरीच ठेवा, असं तुम्ही लिहिलंय. त्याच दिवशी वर्गाच्या दारावर सगळ्या पालकांसाठी सूचना लागली: पाण्याच्या बाटल्या आता कपाटावर ठेवल्या जातील, आणि बाथरूमला फक्त मधल्या सुट्टीच्या रांगेतच नेलं जाईल.

दोन्ही कागद मी बरेचदा वाचले. चिठ्ठीचं उत्तर एकट्या तुम्हाला दिलं असतं. पण सूचना अठ्ठावीस मुलांसाठी आहे, आणि शनिवारी फाटकाशी उभ्या असलेल्या आणखी तिघींनी मला हळू आवाजात सांगितलं की त्यांच्या मुलांनाही चार-चार दिवस शी होत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या लेकीला शीची सवय लागलेली होती. अडीच वर्षांची असताना तिचा डायपर सुटला. जूनमध्ये शाळेत आली तेव्हा ती "आई, शी" असं स्वतः सांगायची आणि सकाळी दूध प्यायल्यावर पाच मिनिटांत मोकळी व्हायची. जुलैत एकदा तिला घट्ट शी झाली, दुखलं, कागदावर रक्ताची बारीक रेघ दिसली. तिथून पुढे जे घडलं ते मला ऑक्टोबरमध्ये समजलं, तेही बालरोगतज्ज्ञांनी तिच्या पोटावर हात ठेवल्यावर. डाव्या बाजूला खाली एक कडक गोळा लागत होता. त्यांनी माझा हात धरून तो मला दाखवला.

ज्या मुलाला एकदा शी करताना दुखतं, ते पुढच्या वेळी ती धरून ठेवतं. आत थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, त्यामुळे ती आणखी घट्ट आणि मोठी होते. मग बाहेर येताना आणखी दुखतं, आणि मूल आणखी धरतं. हे दोन-तीन महिने चाललं की आतड्याचा शेवटचा भाग, गुदाशय, ताणून सैल होतो. भरला की "लागली" असा जो निरोप तिथून मेंदूला जायला हवा, तो नीट जात नाही. आणि त्या अडकलेल्या गोळ्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपत खाली येते. चड्डीला लागते ती ही. तिला ती आल्याचं कळतच नाही. तिने ती केलेली नसते, थांबवणंही तिच्या हातात नसतं.

ताई, चड्डीवरच्या डागांना तुम्ही सवयीचा अभाव समजलात. मीही तेच समजले होते. सप्टेंबरमध्ये मी तिला दोनदा रागावले, एकदा मोरीत उभं करून "एवढी मोठी झालीस" असं म्हणाले. ती रडत म्हणाली, "मी नाही केली." ती खरं बोलत होती. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि म्हणूनच तुम्हाला हे सगळं इतकं सविस्तर सांगतेय.

आणखी एक गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर रोज घडत असणार. ती कपाटाच्या मागे जाते, चवड्यांवर उभी राहते, पायाला पाय घट्ट आवळते, तोंड लाल होतं. सप्टेंबरच्या पालकसभेत तुम्ही म्हणालात, "मध्येच नाचत राहते, लक्ष नसतं." घरी आम्हाला वाटायचं, ती जोर लावतेय. डॉक्टर म्हणाले की हे बरोबर उलटं आहे, ती तेव्हा शी आत ओढून धरत असते. शी करायची असेल तर मूल खाली बसतं. उभं राहून ताठ होतं ते धरण्यासाठी. त्या क्षणी तिला हलक्या हाताने बाथरूममध्ये नेलं तर एखाद्या वेळी ती सोडते. जागेवर बसवलं तर एक-दोन मिनिटांत कळ ओसरते आणि गोळा आणखी एक दिवस आत राहतो.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुट्टीत, डॉक्टरांनी वजनावर मोजून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. आधी चार दिवस मोठा डोस, साठलेलं सगळं निघेपर्यंत. ते चार दिवस आम्ही घराबाहेर पडलो नाही. मग रोजचा छोटा डोस, शी मऊ राहावी म्हणून. ही पावडर पाणी धरून ठेवते आणि ते शीसोबत खाली नेते, आतड्याला त्याची सवय लागत नाही. पण ती निदान दोन महिने चालू ठेवायची आणि सगळं सुरळीत झाल्यावरही हळूहळू कमी करायची, कारण ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. लवकर बंद केली की दुखणं परत येतं.

तेव्हापासून मी कालनिर्णयाच्या रोजच्या चौकटीत खूण करते. शी झाली तर टिंब, घट्ट असेल तर फुली, डाग दिसला तर गोल. दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या तेरा दिवसांत बारा टिंबं आहेत, गोल एकही नाही. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन टिंबं, एक फुली, दोन गोल. नाताळच्या सुट्टीत पुन्हा टिंबं. जानेवारीत पुन्हा गोल. औषध तेच, घरचं जेवण तेच, रोजचं दूध तीन कपांवरून दोन कपांवर आणलेलं, रात्रीचा पेरू आणि सकाळच्या भिजवलेल्या मनुका दोन्हीकडे सारख्याच. बदलत होती फक्त सकाळी साडेआठ ते साडेबाराची जागा.

म्हणून मी त्या चार तासांकडे नीट पाहिलं. तीन दिवस वर्गाच्या मावशींना विचारून वेळा लिहून घेतल्या. त्यांनी प्रेमाने सांगितल्या, त्यांच्यावर कृपया रागावू नका. त्यातून मला जे दिसलं, ते असं.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. बाथरूमची रांग सव्वादहाला लागते, हात धुऊन झाले की साडेदहाला डबा. जेवणाआधी हात धुवायचे म्हणून ही रांग आधी, हे सोयीचं आहे. पण पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा मिळतो, आणि खाल्ल्यानंतरच्या अर्ध्या तासात शी लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. लहान मुलांत हा इशारा चांगलाच जोरदार असतो. घरी दूध प्यायल्यावर तिला लगेच लागायची, ती त्यामुळेच. म्हणजे तिला शाळेत लागते पावणेअकराच्या सुमारास. तुमची रांग तेव्हा होऊन गेलेली असते. ती विचारते तेव्हा तिला सांगितलं जातं, "आत्ताच तर जाऊन आलीस." आता नव्या सूचनेने हाच नकार सगळ्यांसाठी नियम झालाय. ती कळ आली तेव्हा जाऊ दिलं नाही, तर पुन्हा केव्हा येईल ते ताणलेल्या आतड्याला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट शूची. ती वारंवार शूला मागते आणि त्यात काही बहाणा असावा असं तुम्हाला वाटतं, हेही मला समजतं. पण भरलेलं गुदाशय पुढच्या बाजूला मूत्राशयाला दाबतं. मग जागा कमी राहते आणि शू अचानक, जोरात लागते. वीस मिनिटांपूर्वी जाऊन आलेल्या मुलीला पुन्हा खरोखर लागू शकते. धरून ठेवली तर चड्डीत होते, आणि रोजच धरली तर लघवीला संसर्ग होण्याचा धोका वाढतो. डिसेंबरमध्ये तिला शू करताना जळजळ झाली, तपासणी करावी लागली. सुदैवाने संसर्ग निघाला नाही, लघवी फार गडद होती एवढंच. पाणी कमी पडतंय, असं डॉक्टर म्हणाले.

तिथून पाण्याकडे येते. तिची बाटली साडेतीनशे मिलिलिटरची आहे. मी आठवडाभर ती घरी आल्यावर मापाच्या पेल्यात ओतून पाहिली. चार दिवस तीनशेच्या आसपास पाणी परत आलं, एक दिवस पूर्ण भरलेली. म्हणजे चार तासांत पन्नास मिलिलिटर. माझी मुलगी 14 किलोची आहे, दिवसभरात तिच्या पोटात दूध, ताक, वरण सगळं धरून साधारण 1200 मिलिलिटर जायला हवं. जागेपणीच्या चौदा तासांतले चार तुमच्याकडे जातात, म्हणजे ती बाटली जवळजवळ रिकामी होऊन घरी यायला हवी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. भरपूर पाणी पाजलं की बद्धकोष्ठ जातं असं नाही, डॉक्टरांनीच मला तसं बजावलंय, आणि मी तिला जबरदस्तीने पाजा असं म्हणत नाही. पण गरजेपेक्षा कमी मिळालं की शी घट्ट होते, आणि ती पावडरही पाण्याशिवाय काम करत नाही. बाटली कपाटावर गेली की तीन-साडेतीन वर्षांचं मूल ती मागत नाही. तहान लागलीये हे त्या वयात खेळता खेळता कळतही नाही. समोर दिसली तर दोन घोट घेतं.

चौथी गोष्ट बाथरूमची. मी एकदा आत जाऊन पाहिलं. कमोड मोठ्यांच्या उंचीचा आहे. माझी लेक त्यावर बसली की तिचे पाय लोंबकळतात, दोन्ही हातांनी ती कड धरते, पडू नये म्हणून. अशा अवस्थेत कुणालाही शी होणार नाही. जोर लावायला पावलं कशावर तरी टेकलेली लागतात आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे वर असावे लागतात, तेव्हा गुदाशयाचा बाक सरळ होतो. उकिडवं बसण्यात हेच आपोआप साधतं. घरी आम्ही तिच्या पायाखाली जेवायचा लाकडी पाट ठेवतो आणि कमोडवर लहान मुलांची बैठक बसवतो. पहिल्याच दिवशी फरक दिसला. शिवाय शाळेतल्या त्या बाथरूमची फरशी ओली असते, दिवा मोठ्यांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर आहे, आणि मावशी बाहेर उभ्या असतात तेव्हा ती आत अंधारात एकटी असते. तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी तिथे उभी राहिले तेव्हा मला समजलं.

आणि पाचवी गोष्ट लिहिताना माझा हात जड होतोय. दोन आठवड्यांपूर्वी तिची चड्डी खराब झाली तेव्हा वर्गात "कुणाचा वास येतोय?" असं विचारलं गेलं आणि मुलांनी तिच्याकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळपासून ती घरीही संडासाच्या दारात रडते. मागच्या सोमवारपासून डबा तसाच परत आणते. मी विचारलं तर म्हणाली, "खाल्लं नाही तर शी येत नाही." चार वर्षं पूर्ण व्हायच्या आधी माझ्या मुलीने हा हिशोब मांडलाय, ताई. तुम्ही तिला दुखवायला ते विचारलं नाहीत याची मला खात्री आहे. पण त्या हिशोबापुढे माझं औषध, मनुका, पाट, कशाचंच काही चालत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. अठ्ठावीस मुलं, तुम्ही एकट्या, मदतीला एक मावशी. एकाने करंगळी वर केली की मागोमाग सहा वर होतात. बाटल्या सांडतात, चटई भिजते, कुणी घसरतं. भारत सरकारच्या 2013 च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे त्यांना सांभाळणारी एक मोठी व्यक्ती असावी असं म्हटलंय, आणि इथे अठ्ठावीस मुलांना शिकवायला तुम्ही एकट्याच आहात. हा दोष तुमचा नाही, संस्थाचालकांचा आहे, आणि त्याबद्दल तुमच्या बाजूने त्यांना लिहायला आम्ही पालक तयार आहोत. पण त्याच धोरणात पिण्याचं सुरक्षित पाणी आणि लहान मुलांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहंही सांगितली आहेत. माणसं कमी आहेत म्हणून मुलांचं पाणी आणि शू-शी कमी करणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. केरळमधल्या काही शाळांत 2019 साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजू लागली, कारण मुलं शाळेत पुरेसं पाणी पीत नव्हती. तिथे घंटा वाजली की सगळा वर्ग एकदम पितो, मागावं कुणालाच लागत नाही. तुमच्या वर्गात तर घंटाही नको, एक गाणं पुरेल.

मला जे हवंय ते सरळ लिहिते.

बाटल्या कपाटावरून खाली आणा आणि मुलांच्या हाताला येतील अशा एका टोपलीत ठेवा. सांडण्याची भीती असेल तर टोपली दाराशी, चटईपासून लांब ठेवा. सकाळी आल्यावर, डब्याबरोबर आणि घरी निघण्याआधी सगळ्यांना एकदम दोन-चार घोट प्यायला सांगा.

कुठलंही मूल करंगळी वर करेल किंवा चवड्यांवर उभं राहून पाय आवळेल, तर त्याला तेव्हाच जाऊ द्या. बाकीची सहा मागे लागली तर पहिले काही दिवस लागू द्या. कधीही जाता येतं हे मुलांना कळलं की ही घाई आपोआप ओसरते, निदान आमच्या घरी आणि शेजारच्या पाळणाघरात तरी तसंच झालं.

डबा झाल्यावर, म्हणजे पावणेअकराला, माझ्या लेकीला आणि ज्यांना हवं त्या मुलांना बाथरूममध्ये न्या. पाच ते दहा मिनिटं बसवा, त्याहून जास्त नको. झाली नाही तरी काही म्हणू नका, "बसलीस, छान" एवढं पुरे. सव्वादहाची हात धुण्याची रांग तशीच ठेवा, ही वेळ त्या रांगेखेरीज वेगळी हवी.

चड्डी खराब झाली तर वर्गात कुणाला काही न विचारता मावशींनी तिला बाजूला नेऊन बदलावी. तिच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात दोन चड्ड्या, एक पँट, पुसायला ओले टिश्यू आणि बांधायची पिशवी कायम असेल. खराब चड्डी धुऊ नका, तशीच बांधून द्या. मला डाग पाहावा लागतो, पातळ आहे की घट्ट, त्यावर डोस ठरतो. वहीत फक्त वेळ लिहा. आणि पातळ दिसली म्हणून जुलाब समजून तिला काही औषध देऊ नका, मला फोन करा.

डायपरची आणि घरी ठेवण्याची अट मागे घ्या. डायपर घातला तर ती उभ्याने, लपून, धरून-धरून त्यातच करेल, आणि बसायचं जे थोडंसं धैर्य आलंय तेही जाईल. घरी ठेवलं तर ती पुन्हा चांगली होईल, टिंबं पुन्हा भरतील, आणि जूनमध्ये मी तिला त्याच बाथरूमच्या दारात आणून सोडेन.

माझ्या बाजूचं मी हे करेन. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलंय, त्यात आजाराचं नाव आहे आणि हा आळशीपणा किंवा हट्ट नाही हेही लिहिलंय. मुलांची बैठक आणि पाट मी आणून देते, वर्गातली सगळी मुलं वापरोत. दिव्यासाठी खाली एक बटण बसवून घ्यायचा खर्च आम्ही चौघी पालक मिळून करतो, संस्थेने फक्त परवानगी द्यावी. पहिले दोन आठवडे पावणेअकराला कुणीतरी एक आई येऊन मावशींना मदत करेल, वार ठरवून घेतलेत. रोज संध्याकाळी मी तुम्हाला त्या दिवसाची खूण कळवेन. टिंब, फुली की गोल, म्हणजे वर्गातल्या बदलाचा उपयोग होतोय की नाही ते तुम्हालाही दिसेल. सहा आठवड्यांनी कॅलेंडर घेऊन मी तुम्हाला आणि मुख्याध्यापिकाबाईंना भेटेन. फरक पडला नसेल तर औषधात काय बदलायचं ते मी डॉक्टरांना विचारेन, आणि तसं तुमच्यासमोर कबूल करेन.

सूचना दारावरून या शुक्रवारपर्यंत निघावी, एवढी विनंती आहे. सोमवारी सकाळी सव्वाआठला मी पाट आणि बैठक घेऊन येते. लेक सोबत असेल, तिला पाट कुठे ठेवायचा ते माहीत आहे, तुम्हाला ती दाखवेल.

आपली,
शिशुवर्गातल्या एका मुलीची आई